प्रश्न आला, आकृती आलीच नाही: आधी काय विचारायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नववी-दहावीच्या मुलांच्या शंका फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर सोडवणाऱ्या शिक्षकांसाठी, शिकवणी घेणाऱ्यांसाठी आणि घरातल्या मोठ्या भावंडांसाठी हे पान आहे. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलेला प्रश्न येतो, पण आकृती येत नाही. अशा वेळी उत्तर सांगायच्या आधी काय विचारावं, एवढाच इथला विषय आहे.

आकृती नसेल तर ‘फोटो पाठव’ एवढं म्हणून थांबायचं का?

फोटो मागायचा, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. बऱ्याचदा फोटो येऊ शकत नाही म्हणूनच तो आलेला नसतो. पुस्तक मैत्रिणीकडे असतं, प्रश्न फळ्यावरून उतरवून घेतलेला असतो, नाहीतर कुणीतरी फक्त मजकूर पुढे ढकललेला असतो. पीडीएफमधून प्रश्न कॉपी केला की अक्षरं येतात आणि चित्र मागे राहतं, हे तर रोजचंच.

म्हणून पहिल्याच निरोपात दोन गोष्टी विचाराव्यात. एक, आकृती कुठे मिळेल. दोन, ती मिळाली नाही तरी ज्यावर उत्तर ठरतं तो एक नेमका प्रश्न. मुलाला फोटो मिळाला तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागत नाही, आणि नाही मिळाला तरी काम अडत नाही.

‘कुठे मिळेल’ हे नीट कसं विचारायचं?

‘कोणत्या पुस्तकातला आहे?’ असं विचारलं की ‘गणिताच्या’ असं उत्तर येतं. त्यापेक्षा इयत्ता, भाग, सरावसंचाचा क्रमांक आणि त्यातला प्रश्न क्रमांक मागावा. राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग 2 मध्ये तिसरं प्रकरण वर्तुळाचं आहे. त्यामुळे ‘सरावसंच 3.3, प्रश्न 2’ एवढं कळलं की काम झालं. बालभारतीची पुस्तकं ebalbharati.in वर पीडीएफच्या रूपात आहेत. तिथे आकृती आपली आपणच बघायची, मुलाला पुन्हा त्रास द्यायला नको.

पुस्तक कोणत्या वर्षाचं आहे, हेही विचारावं. दहावीची सध्याच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं 2018 मध्ये आली. ताईचं किंवा दादाचं त्याआधीचं पुस्तक समोर असेल तर प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि आपण भलतीच आकृती बघून उत्तर सांगून बसतो. मराठीच्या बाबतीत ‘कुमारभारती की अक्षरभारती?’ हे आधी विचारायचं. पहिलं पुस्तक प्रथम भाषेचं, दुसरं द्वितीय भाषेचं. मुलं दोन्हींना ‘मराठीचं पुस्तक’च म्हणतात.

उत्तर ज्यावर ठरतं तो नेमका प्रश्न शोधायचा कसा?

कागद घ्यायचा आणि मजकुरात बसतील अशा दोन वेगवेगळ्या आकृत्या काढायच्या. दोन्हींचं उत्तर एकच आलं तर विचारायला काही उरलं नाही, सोडवून मोकळं व्हायचं. उत्तरं वेगळी आली तर दोन आकृत्यांमध्ये जो फरक आहे, तोच विचारायचा प्रश्न.

एक उदाहरण पूर्ण बघू. निरोप असा आला: ‘आकृतीत A, B, C वर्तुळावर आहेत, ∠ABC = 50° तर ∠ADC = किती?’ D कुठे आहे याचा पत्ता नाही. आता काढून बघायचं.

D हा B च्याच बाजूच्या कंसावर असेल तर दोन्ही कोन एकाच कंसातले अंतर्लिखित कोन होतात, आणि उत्तर 50°. D जीवा AC च्या पलीकडच्या कंसावर असेल तर ABCD चक्रीय चौकोन होतो, समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180°, म्हणून उत्तर 130°. D हे वर्तुळाचं केंद्रच असेल तर केंद्रीय कोन दुप्पट, म्हणजे 100°. आणि D वर्तुळाबाहेर असून DA आणि DC या स्पर्शिका असतील, तर केंद्राशी 100° आणि स्पर्शबिंदूंपाशी दोन काटकोन, म्हणून D पाशी 360 − 100 − 90 − 90 = 80°.

एका ओळीच्या प्रश्नाला चार उत्तरं निघाली, आणि चारही पुस्तकात सापडतील अशी. विचारायचं मात्र दोनदाच. पहिला प्रश्न: ‘D वर्तुळाच्या रेघेवर आहे, आत आहे की बाहेर?’ आत म्हणाला तर तो केंद्र आहे का हे मजकुरातून बघायचं, बाहेर म्हणाला तर DA आणि DC वर्तुळाला फक्त टेकतात की आत घुसतात ते विचारायचं. रेघेवर म्हणाला तर दुसरा प्रश्न: ‘A आणि C जोडणारी रेघ पट्टीने धर. B आणि D तिच्या एकाच बाजूला आहेत की दोन बाजूंना?’ झालं.

इथे एक बारकावा आहे. मजकुरात कुठेही ‘चौकोन ABCD’ असे शब्द असतील आणि चारही बिंदू वर्तुळावर असतील, तर दुसरा प्रश्न विचारायची गरज नाही. चौकोनाचं नाव शिरोबिंदूंच्या क्रमाने लिहितात, त्यामुळे B आणि D समोरासमोरच असणार आणि उत्तर 130°. आकृती मागण्याआधी मजकूर दोनदा वाचायचा तो यासाठी.

मूल आकृतीचं वर्णन करतं, पण तरी उत्तर चुकतं. असं का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं. संख्या कळते, पण ती कशाला लागू आहे ते कळत नाही. समरूपतेत हे फार होतं. त्रिकोण ABC, DE ही BC ला समांतर, BC = 16, ‘AD 3 आहे आणि बाजूला 5 लिहिलंय’. आता हा 5 फक्त खालच्या तुकड्याचा, म्हणजे DB चा, असेल तर AB = 8, आणि DE = 16 × 3/8 = 6. तो पूर्ण AB चा असेल तर DE = 16 × 3/5 = 9.6. दोन्ही उत्तरं शोभून दिसतात, म्हणून चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे ‘5 कशाचा आहे?’ असं विचारलं तर मूल अंदाजाने सांगेल. त्यापेक्षा ‘5 च्या दोन्ही बाजूंना बाण आहेत का? असतील तर बाणांची टोकं कोणत्या अक्षरांपाशी थांबतात?’ असं विचारावं. बाण नसतील तर ‘5 हा D च्या वर लिहिलाय की खाली?’ हा पुढचा प्रश्न. मुलाने समजून सांगण्यापेक्षा बघून सांगावं, अशीच विचारणा हवी.

छायांकित भागाचंही तसंच. बाजू 14 सेमी असलेल्या चौरसात बरोबर बसणारं वर्तुळ आहे, ‘छायांकित भागाचं क्षेत्रफळ काढा’. π = 22/7 घेतलं तर वर्तुळ 154 चौसेमी, आणि चार कोपरे मिळून 196 − 154 = 42 चौसेमी. ‘रंगवलेलं वर्तुळ आहे की कोपरे?’ एवढंच विचारायचं. कोपरे म्हणाला तर ‘चारही, की त्यांतले काही?’ हेही लगेच विचारून घ्यावं, कारण दोनच कोपरे रंगवलेली उदाहरणंही असतात.

दोन वर्तुळं एकमेकांना स्पर्श करतात, त्रिज्या 7 आणि 4, केंद्रांमधलं अंतर किती? आतून स्पर्श असेल तर 3, बाहेरून असेल तर 11. विचारायचं ते ‘लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात आहे की शेजारी?’ असं.

‘DE समांतर आहे ना?’ असं विचारलं तर काय बिघडतं?

मूल ‘हो’ म्हणतं. सर विचारतायत म्हणजे असणारच, असा त्याचा हिशोब. शिवाय आकृतीत रेघा समांतर दिसतही असतात. पण दिसणं वेगळं आणि दिलेलं असणं वेगळं. भूमितीत गृहीत धरता येतं ते फक्त मजकुरात किंवा खुणेने दिलेलं.

त्यामुळे खुणेबद्दल विचारावं: ‘DE आणि BC वर छोटे बाण काढलेत का?’, ‘कोपऱ्यात कोनाचा कंस आहे की छोटी चौकट?’, ‘कोणत्या बाजूंवर सारख्या आडव्या रेघा आहेत?’ चौकट म्हणजे काटकोन, सारख्या रेघा म्हणजे एकरूप बाजू. मुलाला खुणेचा अर्थ माहीत नसला तरी ती आहे की नाही हे त्याला नक्की सांगता येतं. आणि ‘नाही’ हे उत्तरही तितकंच कामाचं. खूण नसेल आणि मजकुरातही काही नसेल, तर ती गोष्ट आधी सिद्ध करावी लागणार, हे आपल्याला कळतं.

विज्ञानात विद्युत परिपथ असेल तर? ‘एकसर की समांतर?’ विचारायचं ना?

नाही. ते ओळखणं हाच तर प्रश्न असतो. मुलाला ते येत असतं तर त्याने विचारलंच नसतं. त्यातून मुलं चित्राच्या आकारावरून ठरवतात. रोध एकाखाली एक काढलेले दिसले की ‘समांतर’, एका ओळीत दिसले की ‘एकसर’. पुस्तकात वळणं घेत उभा काढलेला एकसर परिपथ असतो, तिथे हे साफ चुकतं.

2 Ω, 3 Ω आणि 6 Ω असे तीन रोध घेऊ. तिन्ही एकसर जोडले तर 11 Ω, तिन्ही समांतर जोडले तर 1 Ω. दोन समांतर आणि तिसरा त्यांच्याशी एकसर असेल तर कोणता बाहेर आहे त्यावर 4, 4.5 किंवा 7.2 Ω. दोन एकसर आणि तिसरा त्यांना समांतर असेल तर आणखी तीन वेगळी उत्तरं. म्हणजे या तीनच रोधांच्या आठ जोडण्या होतात आणि आठही उत्तरं वेगळी येतात. ‘आकृतीतील परिणामी रोध काढा’ एवढ्या मजकुरावर अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

विचारायचं ते तारेवरून बोट फिरवायला सांगून:

‘सेलच्या धन टोकावर बोट ठेव आणि तारेवरून पुढे सरक. आधी एखादा रोध लागतो, की आधी रस्ता फुटतो? फुटतो तिथून किती वाटा निघतात? प्रत्येक वाटेवर काय काय लागतं? वाटा परत कुठे एकत्र येतात, आणि तिथून ऋण टोकापर्यंत आणखी काही लागतं का?’

समजा उत्तर आलं, ‘आधी 2 लागतो, मग दोन वाटा, एकीवर 3, दुसरीवर 6, मग एकत्र येऊन परत सेलकडे.’ आता आकृती आपल्या कागदावर उतरली. 3 आणि 6 समांतर, त्यांचा परिणामी रोध 2 Ω. त्यात सुरुवातीचा 2 मिळवला की 4 Ω. सेल 12 व्होल्टचा असेल तर एकूण धारा 3 अँपिअर.

पण प्रश्न ‘ॲमीटरचं वाचन किती?’ असा असेल तर अजून एक विचारणं बाकी आहे: ‘वर्तुळातला A हा वाटा फुटायच्या आधी आहे, की एखाद्या वाटेवर?’ मुख्य तारेवर असेल तर 3 अँपिअर, 3 Ω च्या वाटेवर असेल तर 2, आणि 6 Ω च्या वाटेवर असेल तर 1. आणि कळ. ‘कळ उघडी काढलीय की बंद?’ हे विचारायला हमखास विसरायला होतं. मुख्य तारेवरची कळ उघडी असेल तर सगळ्या गणिताचं उत्तर शून्य, आणि काही परीक्षकांना हा प्रश्न असाच विचारायला आवडतो.

भिंगाच्या आकृतीबद्दल काय विचारावं?

तत्त्व तेच. ‘बहिर्गोल की अंतर्गोल?’ हे नावावर सोडू नये, मुलं या दोन नावांची अदलाबदल करतात. ‘भिंग मध्ये जाड आहे की कडांना?’ असं विचारावं. मध्ये जाड म्हणजे बहिर्गोल.

फरक किती पडतो ते बघा. वस्तू 15 सेमीवर, नाभीय अंतर 10 सेमी. बहिर्गोल भिंग असेल तर 1/v = 1/10 − 1/15 = 1/30, प्रतिमा पलीकडे 30 सेमीवर, वास्तव आणि उलटी, वस्तूच्या दुप्पट. अंतर्गोल असेल तर 1/v = −1/10 − 1/15 = −1/6, प्रतिमा वस्तूच्याच बाजूला 6 सेमीवर, आभासी आणि सुलटी, वस्तूपेक्षा लहान.

अंतरं दिलेली नसतील तर दुसरा प्रश्न लागतो: ‘वस्तूचा उभा बाण F च्या आणि भिंगाच्या मध्ये आहे, F आणि 2F च्या मध्ये आहे, की 2F च्या बाहेर?’ एखाद्या आकृतीत F च्या जागी F₁ आणि F₂ असतात. तेव्हा वस्तूच्या बाजूला कोणतं अक्षर आहे तेही विचारून घ्यावं.

आलेख हरवला असेल तर?

उभ्या अक्षावर काय लिहिलंय, हे आधी विचारायचं, बाकी सगळं नंतर. आडवी सपाट रेघ विस्थापन-काल आलेखात असेल तर वस्तू थांबलेली आहे. तीच रेघ वेग-काल आलेखात असेल तर वस्तू एकसमान वेगाने चालली आहे. मग एकक आणि प्रमाण विचारावं: ‘एक मोठी चौकट म्हणजे किती?’ मग रेघ कुठून कुठे जाते ते चौकटी मोजून सांगायला लावावं. ‘वर जाते’ यावर गणित होत नाही.

जीवशास्त्राच्या आकृतीत ‘A हा भाग ओळखा’ असेल तर?

नामनिर्देशनाची रेघ कुठे संपते, हा कळीचा मुद्दा. मूल अक्षराच्या जवळ जे दिसतं ते सांगतं, पण रेघेचं टोक दुसऱ्याच भागावर टेकलेलं असतं. ‘A पासून निघालेल्या रेघेचं दुसरं टोक नेमकं कशावर टेकतं? पोकळीत, भिंतीवर, की नळीवर?’ असं विचारावं.

हृदयाच्या आकृतीत आणखी एक अडचण आहे. माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा आहे अशा बेताने ती आकृती काढलेली असते, त्यामुळे हृदयाची डावी बाजू कागदावर आपल्या उजवीकडे येते. मूल ‘डावीकडचा खालचा कप्पा’ म्हणालं तर ते कागदाची डावी सांगतंय की हृदयाची, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ‘तुझ्या उजव्या हाताच्या बाजूला की डाव्या?’ असं विचारावं, आणि खात्रीसाठी ‘त्या कप्प्याची भिंत शेजारच्यापेक्षा जाड काढलीय का?’ हे जोडावं. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड असते, कारण रक्त सगळ्या शरीराला पोचवायचं काम त्याचं. दोन्ही उत्तरं जुळली की नाव बिनधास्त सांगावं.

भाषेच्या प्रश्नात कुठे आकृती असते?

भरपूर ठिकाणी, आणि बऱ्याचदा ती हरवली आहे हे लक्षातच येत नाही. सर्वांत जास्त हरवते ती अधोरेखा. प्रश्न टाईप करताना किंवा कॉपी करताना शब्दाखालची रेघ जाते आणि निरोप येतो:

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा: चांगला मुलगा चांगला गातो.’

पहिला ‘चांगला’ मुलाबद्दल सांगतो, ते विशेषण. दुसरा गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, ते क्रियाविशेषण. रेघ ‘मुलगा’खाली असेल तर नाम, ‘गातो’खाली असेल तर क्रियापद. इथे ‘कोणत्या शब्दाखाली रेघ आहे?’ असं विचारून ‘चांगला’ हे उत्तर आलं तरी काम होत नाही. ‘वाक्यातला कितवा शब्द?’ असं विचारायचं. पहिला की तिसरा, एवढ्यावर उत्तर ठरतं.

वृत्त ओळखायच्या प्रश्नात ओळीवर दिलेल्या लघु-गुरूच्या खुणाही अशाच गळतात. तिथे मात्र खुणांची वाट बघायला नको. ओळ जशीच्या तशी, ऱ्हस्व-दीर्घ न बदलता मागवायची आणि खुणा आपणच करायच्या. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरायचा, कारण ‘कवि’ आणि ‘कवी’ यात एक मात्रा बदलते.

‘आकृतिबंध पूर्ण करा’ असेल आणि आकृतिबंध नसेल तर?

उतारा सापडला तरी उत्तर देता येत नाही, कारण किती आणि कोणत्या क्रमाने लिहायचं ते चौकटी ठरवतात. समजा उताऱ्यात आहे: ‘रात्री पाऊस झाला. ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि दुधाची गाडी गावात आलीच नाही.’ मध्ये ‘पावसाचे परिणाम’ अशी चौकट आणि भोवती तीन रिकाम्या चौकटी असतील तर तीन गोष्टी कोणत्याही क्रमाने चालतात. पण तो ओघतक्ता असेल, म्हणजे एका चौकटीतून दुसरीत बाण जात असतील, तर क्रम चुकला की उत्तर चुकलं. शिवाय ओघतक्त्यात ‘पाऊस झाला’ ही पहिली चौकट भरायची असते की दिलेली असते, तेही माहीत हवं.

म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात: ‘एकूण चौकटी किती? त्यांपैकी आधी भरलेल्या कोणत्या, आणि त्यांत काय लिहिलंय? बाण मधून बाहेर जातात की एकामागून एक?’ उत्तरात नुसता शब्द लिहायचा की वाक्य, हे भरलेल्या चौकटीवरूनच कळतं.

उताराच हरवला असेल, आणि मूल म्हणतं ‘धड्यातलाच आहे’?

‘उताऱ्याचे पहिले तीन शब्द आणि शेवटचे तीन शब्द लिहून पाठव’ असं सांगावं. कृतिपत्रिकेत धड्याचा एक तुकडाच दिलेला असतो. ‘लेखकाला आवडलेल्या दोन गोष्टी लिहा’ या प्रश्नाला पूर्ण धड्यात पाच उत्तरं असतील आणि त्या तुकड्यात नेमकी दोन. तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कळलं की धडा उघडून बघता येतं. पहिले तीन शब्द धड्यात कुठे सापडलेच नाहीत तर उतारा अपठित आहे. मग मात्र फोटोशिवाय पर्याय नाही, आणि तसं सरळ सांगावं.

फोटो आला, पण अस्पष्ट आहे. मग?

सगळा फोटो परत मागू नका. जे वाचता येत नाही तेवढंच मागा: ‘B पाशी लिहिलेला अंक टाईप कर.’ घोटाळा ठरावीक ठिकाणीच होतो. हाताने लिहिलेल्या प्रश्नात अंशाचं चिन्ह शून्यासारखं दिसतं आणि 30° चे 300 होतात. 1 आणि 7 यांत घोळ होतो, देवनागरीत १ आणि ९ यांत. टाईप करून आलेल्या प्रश्नात घातांक खाली उतरतो, x² चा x2 होतो, आणि वर्गमूळाचं चिन्ह गायब होऊन √50 चे नुसते 50 उरतात. बाजूची लांबी 50 आणि √50 यात सातपटीहून जास्त फरक आहे, त्यामुळे आकृतीतल्या इतर बाजूंशी ताडून बघितलं की चूक लगेच उघडी पडते. जुन्या फाँटमधल्या पीडीएफमधून कॉपी केलेला मराठी मजकूर तर अगम्य चिन्हांचा येतो. तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा पडद्याचा स्क्रीनशॉट मागवणं सोपं.

पर्याय दिलेले असतील तर आकृती लागते का?

कधीकधी लागत नाही. वरच्या तीन रोधांच्या प्रश्नाला 4 Ω, 5 Ω, 8 Ω आणि 12 Ω असे पर्याय असतील तर आठ शक्य उत्तरांपैकी एकट्या 4 चाच मेळ बसतो. पण कोनाच्या प्रश्नाला 50°, 80°, 100°, 130° असे चारही पर्याय असतील तर काहीच निष्पन्न होत नाही, आणि पर्याय काढणाऱ्याने तेच बघून काढलेले असतात. पर्यायांवरून आकृती ताडली असेल तर मुलाला तसं सांगावं: ‘2 Ω बाहेर आणि 3, 6 समांतर असं धरलंय, आकृतीशी ताडून बघ.’

किती प्रश्न विचारले म्हणजे जास्त होतात?

एका निरोपात दोन, फार तर तीन. सहा प्रश्न विचारले की मूल पहिल्याचं उत्तर देतं आणि बाकीचे राहून जातात. आई किंवा बाबा मुलाच्या वतीने विचारत असतील तर आणखी जपून. ‘छेदिका कुठे छेदते?’ यापेक्षा ‘वर्तुळाच्या आरपार जाणारी रेघ कोणत्या दोन अक्षरांपाशी वर्तुळाला कापते, तेवढं बघून सांगाल का?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं.

शक्यता दोनच असतील आणि दोन्ही उत्तरं एका ओळीची असतील तर प्रश्नाऐवजी दोन्ही उत्तरं देऊन टाकावीत: ‘लहान वर्तुळ आत असेल तर 3 सेमी, बाहेर असेल तर 11 सेमी. तुझ्या आकृतीत काय आहे ते बघ.’ मात्र रीतच वेगळी होत असेल, जसं चक्रीय चौकोन आणि स्पर्शिका, तर दोन्ही सोडवून पाठवू नये. मूल लांबलचक दिसणारं उत्तर उतरवून मोकळं होतं.

आकृती नसताना काहीच न विचारता सोडवावं, असं कधी असतं?

मजकुरातच सगळं असेल तेव्हा. ‘10 मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचं वरचं टोक जमिनीपासून 8 मीटर उंचीवर आहे, आकृतीवरून शिडीच्या पायथ्याचं भिंतीपासूनचं अंतर काढा.’ भिंत उभी, जमीन आडवी, उत्तर 6 मीटर. आकृती कशीही काढली तरी यात फरक पडत नाही. इथे फोटो मागणं म्हणजे मुलाला उगाच ताटकळत ठेवणं.

मुलाने स्वतः आकृती काढून पाठवली तर ती धरून चालायचं का?

एका अटीवर. आधी विचारावं, ‘ही पुस्तकातली बघून काढलीस की मजकूर वाचून?’ मजकूर वाचून काढली असेल तर ती आकृती म्हणजे मुलाचा अंदाज आहे, आणि त्याची शंका बहुधा त्या अंदाजातच दडलेली असते. वर्तुळाच्या उदाहरणात मुलाने D हा B च्या शेजारी काढून 50° उत्तर काढलं असेल आणि पुस्तकात 130° असेल, तर त्याचं प्रमेय बरोबर आहे, फक्त बिंदू चुकीच्या कंसावर गेलाय. त्याला प्रमेय पुन्हा शिकवत बसायचं नाही. D पलीकडच्या कंसावर ठेवून तोच कोन परत काढायला सांगायचं.